आरएसआय तेवीस, आणि तरीही घसरण

२८ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. कोरोनाच्या भीतीने जगभरचे बाजार आठवडाभर पडत होते आणि त्या दिवशी निफ्टी एका फटक्यात ४३१ अंकांनी घसरून ११,२०१ वर बंद झाला. चार्टखालच्या पट्टीत जी एक वरखाली नागमोडी रेघ असते, ती आरएसआयची. तिने त्या दिवशी तीसची आडवी रेषा ओलांडून खाली साधारण तेवीसचा आकडा गाठला. पाठ्यपुस्तकी नियम अगदी सरळ आहे: आरएसआय तीसच्या खाली गेला की बाजार ‘ओव्हरसोल्ड’, म्हणजे विक्रीचा अतिरेक झाला, आता उसळी जवळ आली. हा नियम मानून ज्यांनी त्या संध्याकाळी किंवा सोमवारी खरेदी केली, त्यांनी पुढच्या पंधरा सत्रांत निफ्टी ७,६१० वर बंद झालेला पाहिला. म्हणजे आणखी ३२ टक्के घसरण.

आकडा चुकला नव्हता. आरएसआयने आपलं काम चोख केलं होतं. फक्त त्याचं काम काय आहे, याबद्दल खरेदी करणाऱ्यांचा समज वेगळा होता. म्हणून आधी तो आकडा तयार कसा होतो ते पाहू, मग पुन्हा त्या मार्च महिन्यात जाऊ.

रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स हे मोजमाप जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन गृहस्थाने १९७८ साली एका पुस्तकातून लोकांपुढे ठेवलं. वाइल्डर शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर जमीनजुमल्याच्या व्यवहारात आणि पुढे कमोडिटीच्या सौद्यांत शिरलेले. त्यांना हवं होतं ते असं मोजमाप, की भाव शंभर रुपये असो वा दहा हजार, उत्तर नेहमी शून्य ते शंभर यांच्यातच यावं. त्यासाठी त्यांनी केलेला हिशेब सहावीतल्या मुलालाही जमेल असा आहे. मागच्या चौदा दिवसांत ज्या दिवशी भाव वाढला त्या दिवसांची वाढ एका बाजूला लिहायची, ज्या दिवशी पडला त्या दिवसांची घट दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजांना चौदाने भागायचं. ही झाली सरासरी वाढ आणि सरासरी घट. वाढीला घटीने भागलं की आरएस मिळतो आणि मग:

```
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

सूत्र पाहून बिचकायचं कारण नाही. त्याचा अर्थ इतकाच की वाढ आणि घट मिळून जी एकूण हालचाल झाली, तिच्यात वाढीचा वाटा शेकडा किती. आरएसआय पन्नास म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. सत्तर म्हणजे शंभरातले सत्तर भाग वाढीचे, तीस घटीचे. तीस म्हणजे याच्या उलट.

चौदा दिवसांनंतर दर दिवशी नवी सरासरी काढताना वाइल्डर जुने दिवस एकदम टाकून देत नाहीत. कालच्या सरासरीला तेराने गुणायचं, त्यात आजचा आकडा मिळवायचा आणि चौदाने भागायचं. कॉम्प्युटर घरोघरी नसलेल्या काळात ही फार सोयीची गोष्ट होती, कारण वहीत कालचे दोन आकडे असले की पुरे. २८ फेब्रुवारीचाच हिशेब करून पाहू. जानेवारीच्या मध्यापासूनचे निफ्टीचे बंद भाव घेतले, तर २७ तारखेला सरासरी वाढ २८.५ अंक आणि सरासरी घट ६२.९ अंक निघते. आरएसआय साधारण ३१. दुसऱ्या दिवशी बाजार ४३१.५५ अंकांनी पडला. नवी सरासरी घट: ६२.९ गुणिले १३, अधिक ४३१.५५, भागिले १४, म्हणजे ८९.२. वाढ त्या दिवशी शून्य, म्हणून २८.५ गुणिले १३ भागिले १४, म्हणजे २६.५. आता २६.५ आणि ८९.२ मिळून झाले ११५.७, त्यांत वाढीचा वाटा शेकडा तेवीसला किंचित कमी. हाच तो तेवीस. तुमच्या ब्रोकरच्या चार्टवर एक-दोन अंकांचा फरक दिसेल, कारण तिथे हिशेब बराच मागून सुरू झालेला असतो आणि जुन्या दिवसांचा थोडा अंश सरासरीत उरतोच.

या हिशेबात काय नाही, ते आता लक्षात येईल. कंपनीचा नफा नाही, भाव महाग की स्वस्त हे नाही, किती शेअर विकले गेले हे नाही. इतकंच काय, भाव एकूण किती चढला हेही त्यात नेमकं येत नाही. समजा एक शेअर शंभर रुपयांवर आहे आणि चौदा दिवस रोज फक्त पन्नास पैशांनी वाढला. तो १०७ वर पोचला, घट एकही दिवस नाही, म्हणून आरएसआय थेट शंभर. दुसरा शेअरही शंभरवरच, पण तो एक दिवस पाच रुपये वाढतो आणि दुसऱ्या दिवशी तीन रुपये पडतो. चौदा दिवसांनी तो ११४ वर, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट कमाई. पण वाढ ३५, घट २१, आरएसआय साडेबासष्ट. नियमाप्रमाणे पहिला शेअर टोकाचा ओव्हरबॉट आणि दुसरा ठीकठाक. खरं पाहता पहिल्या शेअरला शांतपणे, न थांबता खरेदीदार मिळतो आहे, याहून जास्त काही सिद्ध झालेलं नाही. आरएसआय मोजतो तो बाजाराचा एकतर्फीपणा. आणि जोरदार ट्रेंड म्हणजे दुसरं काय असतं? एकतर्फीपणाच की! म्हणून ट्रेंड जितका पक्का, तितका आरएसआय टोकाला जाऊन बसणार, आणि तितका वेळ बसून राहणार. ज्या खुणेला लोक ‘आता वळणार’ असं वाचतात, ती बरेचदा ‘जोर भरपूर आहे’ अशी खूण असते.

आता मार्च २०२० कडे जाऊ. तेवीसचा आकडा पाहून लगेच उडी न मारणारे काही सावध लोक असतात. ते म्हणतात, आरएसआय तीसच्या खाली गेला म्हणून घ्यायचं नाही, तो पुन्हा तीसच्या वर आला की घ्यायचं. हा नियम बराच बरा आहे आणि मीही त्याच्याच बाजूचा आहे. पण त्या मार्चने त्यालाही दगा दिला. ३ मार्चला निफ्टी १७० अंकांनी वर आला आणि आरएसआय बरोबर तीसच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. पुढचे दोन दिवस तो तिथेच, एकोणतीस-तीसच्या आसपास रेंगाळला. कुणाच्या चार्टवर तीस पूर्णांक काही, कुणाच्या चार्टवर एकोणतीस पूर्णांक काही. निफ्टी ११,२५० ते ११,३०० च्या पट्ट्यात होता. बाजाराने तळ गाठला, असं टीव्हीवर सांगायला अगदी अनुकूल चित्र! ६ मार्चला २८० अंकांची पडझड, ९ मार्चला ५३८ अंकांची आणि १२ मार्चला तर ८६८ अंकांची. निफ्टी ९,५९० वर बंद झाला, आरएसआय साडेबारा-तेराच्या घरात.

निफ्टीच्या रोजच्या चार्टवर तेरा हा आकडा विरळाच दिसतो. याहून जास्त ओव्हरसोल्ड आणखी काय असणार, असं कुणालाही वाटावं. १३ मार्चला सकाळी बाजार उघडताच लोअर सर्किट लागलं, व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले आणि नंतर जी उसळी आली, तिने दिवसाअखेर ३६५ अंकांची वाढ दाखवली. त्यानंतरच्या चार सत्रांत ही उसळी पुसली गेली आणि भाव आणखी खाली गेले. १९ मार्चला निफ्टी ८,२६३ वर होता, पण आरएसआय चौदाच्या आसपास, म्हणजे १२ तारखेपेक्षा जरासा वरच. भावाने नवा तळ केला आणि आरएसआयने केला नाही, याला बाजारात ‘पॉझिटिव्ह डायव्हर्जन्स’ म्हणतात आणि मंदी दमत चालल्याची ती खूण मानली जाते. वाइल्डर स्वतः सत्तर-तीसच्या रेषांपेक्षा या खुणेला अधिक मान देत. ती खूण दिसली, दुसऱ्या दिवशी निफ्टी ४८२ अंक वर गेला आणि डायव्हर्जन्स पाहून घेणाऱ्यांची एक रात्र सुखाची गेली. शनिवार-रविवार मध्ये आले. सोमवारी, २३ मार्चला, पुन्हा लोअर सर्किट लागलं आणि निफ्टी १,१३५ अंकांनी, म्हणजे जवळजवळ तेरा टक्के घसरला. एका दिवसातली इतकी मोठी पडझड निफ्टीने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

गंमत पाहा, या भयंकर सोमवारीही आरएसआय एकोणीसच्या आसपास होता, १२ मार्चच्या साडेबारापेक्षा बराच वर. असं का, ते सूत्रातच सापडतं. १२ तारखेला सरासरी वाढ घटत घटत २४ अंकांवर आली होती. मग १३ तारखेचे ३६५ आणि २० तारखेचे ४८२ अंक मिळून तीच सरासरी ६० च्या वर गेली. घटही त्याच वेळी वाढत होती, पण वाढीचा भाग आधी इतका लहान होता की दोन उसळ्यांनी त्याचं प्रमाण बदलून टाकलं. थोडक्यात, डायव्हर्जन्स दिसला तो मंदी दमली म्हणून कमी आणि बाजार वेड्यासारखा वरखाली होत होता म्हणून जास्त. तरी पुढे घडलं ते डायव्हर्जन्सच्या बाजूचं. २३ मार्चचा बंद भाव हाच त्या मंदीचा तळ ठरला. पण १९ तारखेला ही खूण वाचणारा आणि २३ तारखेला वाचणारा, दोघांचा चार्टवरचा पुरावा जवळपास सारखाच होता. एकाला साडेसहाशे अंकांचा तोटा दिसला आणि दुसऱ्याला नशिबाने तळ मिळाला.

आरएसआय तीसच्या वर पक्का आला तो २५ मार्चला, निफ्टी ८,३१८ वर असताना. तळापासून सातशे अंक हुकले खरे, पण २८ फेब्रुवारीच्या भावापेक्षा जवळपास २,९०० अंक स्वस्तात. थांबण्याचा नियम शेवटी कामाला आला, तोही आधी एकदा फसवून.

इथे हरकत घेता येईल की ११,२०१ ला घेणाऱ्याचे पैसे बुडाले कुठे? जुलैच्या अखेरीस निफ्टी पुन्हा त्या भावाला आला होताच. बरोबर. इंडेक्स फंडात स्वतःचे पैसे घालून शांत बसलेल्याला पाच महिन्यांच्या मनस्तापाखेरीज काही झालं नाही. पण आरएसआय पाहून सौदे करणारा माणूस बहुधा तो नसतो. तो फ्युचरमध्ये असतो. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५ चा होता. एका लॉटवर ३,५९१ अंकांची घसरण म्हणजे सुमारे दोन लाख सत्तर हजार रुपये, आणि ते रोजच्या रोज मार्जिन म्हणून भरावे लागतात. ते भरता आले नाहीत की ब्रोकर सौदा कापतो. जुलै उजाडेपर्यंत हा माणूस बाजारात उरलेलाच नसतो.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेची निवडणूक पार पडली, लशीच्या बातम्या येऊ लागल्या आणि परदेशी संस्थांचा पैसा धोधो आला. ९ नोव्हेंबरला निफ्टी १२,४६१ वर बंद झाला, जानेवारीतला उच्चांक मोडून. आरएसआय सत्तरच्या वर. अतिखरेदी झाली, नफा काढून घ्या, असा सल्ला त्या आठवड्यात कुणी दिला असेल तर तो पाठ्यपुस्तकाला धरूनच होता. पुढे काय झालं? निफ्टी एकदाही १२,४६१ च्या खाली बंद झाला नाही. डिसेंबरच्या मध्यात १३,७०० पार झाले, तेव्हा आरएसआय ऐंशीच्या घरात होता. १५ फेब्रुवारी २०२१ ला निफ्टी १५,३१४ वर होता. नोव्हेंबरात विकून ‘करेक्शन आलं की पुन्हा घेऊ’ म्हणणारे लोक वाट पाहत बसले. २०२२ च्या जूनमधल्या पडझडीतसुद्धा निफ्टी पंधरा हजारांच्या वरच राहिला.

माझ्या मते या दोन फसवणुकींत दुसरी अधिक घातक असते, कारण तिची कुठे नोंद होत नाही. मार्चमधला तोटा खात्यात लाल अक्षरांत दिसतो. नोव्हेंबरात हातचा गेलेला नफा कुठल्याच विवरणपत्रात येत नाही, म्हणून विकणारा आपलं चुकलं असं मानतही नाही. काही जण त्यापुढे जाऊन सत्तरला शॉर्ट करतात. त्यांचा तोटा मात्र व्यवस्थित नोंदला जातो.

मग सत्तर-तीस या रेषा टाकूनच द्यायच्या का? अमेरिकेतले अँड्र्यू कार्डवेल आणि नंतर कॉन्स्टन्स ब्राउन यांनी दाखवलं की तेजीत आणि मंदीत आरएसआयचा वावरण्याचा पट्टा बदलतो. तेजीच्या बाजारात तो साधारण चाळीस ते ऐंशी-नव्वद यांच्यात फिरतो आणि चाळीस-पन्नासच्या आसपास आधार घेऊन पुन्हा वर जातो. मंदीत तो दहा-वीस ते साठ यांच्यात अडकतो आणि पन्नास-साठला अडून परत खाली येतो. म्हणजे तेजीत तीसची वाट पाहणाऱ्याला ती खूण मिळतच नाही. २१ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधल्या नव्या कोरोना प्रकाराच्या बातमीने निफ्टी ४३२ अंकांनी कोसळला. त्या तेजीतला तो सर्वात धास्तावणारा दिवस, पण आरएसआय ८१ वरून ५७ च्या आसपासच उतरला. तिथून चार दिवसांत बाजाराने सगळं भरून काढलं.

पट्ट्याचा नियमही दगडावरची रेघ नव्हे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस निफ्टी सलग सहा सत्रं पडून १३,६३४ वर आला, तेव्हा आरएसआय चाळीसच्या खाली, साधारण सदतीसला होता. नियम काटेकोर लावला असता, तर पट्टा तुटला, तेजी संपली, असं म्हणावं लागलं असतं. दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्प आला आणि निफ्टी एका दिवसात ६४६ अंक वर गेला. पट्टा म्हणजे सवय, कुंपण नव्हे. दोन-तीन अंकांनी तो ओलांडला की लगेच निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो.

पट्टा कोणता लावायचा हे ठरवायला आधी ट्रेंड कोणता ते कळायला हवं, आणि ते आरएसआयकडून काढून घेणं म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करणं. साधा मार्ग असा, की रोजचा चार्ट उघडण्याआधी आठवड्याचा चार्ट पाहायचा. भाव गेल्या काही महिन्यांत चढते तळ आणि चढते माथे करत असेल, दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर असेल, तर सत्तरकडे दुर्लक्ष करायचं आणि चाळीस-पन्नासकडे लक्ष ठेवायचं. उलट स्थितीत तीस विसरायचं. फेब्रुवारी २०२० च्या त्या शेवटच्या शुक्रवारी निफ्टी दोनशे दिवसांच्या सरासरीच्या खाली गेलेला होता, हे त्याच चार्टवर दिसत होतं. वाइल्डर यांनी त्याच १९७८ च्या पुस्तकात एडीएक्स हे ट्रेंडचा जोर मोजणारं साधनही दिलं आहे. तो पंचविसाच्या वर चढत असेल तर ट्रेंड जोरात आहे असं धरतात. आरएसआयच्या टोकाच्या आकड्यांवर कधी विसंबू नये हे सांगणारं साधन त्याच लेखकाने त्याच पुस्तकात दिलेलं असताना आपण मात्र दोनांतलं एकच उचललं. एडीएक्सही उशिरा बोलतो, हे खरं. पण बाजार महिनोन्महिने एका पट्ट्यात डुलत असतो, एडीएक्स वीसच्या खाली पडून असतो, तेव्हा सत्तरला विका आणि तीसला घ्या हा जुना नियम खरोखर चालतो. तो तयार झाला तोच अशा बाजारासाठी.

आणि हे सगळं निर्देशांकाचं. पन्नास कंपन्यांची टोपली कधी ना कधी सावरते. एखाद्या कंपनीला तशी सक्ती नसते. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास होता. रिझर्व्ह बँकेने संस्थापकांचा मुख्याधिकारीपदाचा कार्यकाळ आखडता घेतला आणि सप्टेंबरात तो कोसळला, आरएसआय तीसच्या खाली. त्यानंतरच्या दीड वर्षात तो तीसच्या खाली अनेकदा गेला आणि दर वेळी कुणीतरी ‘इतका पडलाय, आता किती पडणार’ म्हणून ॲव्हरेज केलं. मधल्या उसळ्या खऱ्या होत्या, काही तर चांगल्या मोठ्या होत्या, आणि स्टॉपलॉस लावून त्या उसळीपुरतं घेणाऱ्यांनी त्यांत कमावलंही. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी शेअर दिवसभरात सहा रुपयांच्या खाली उतरला होता, आणि ज्यांनी चारशेपासून दर ओव्हरसोल्ड खुणेला थोडे थोडे शेअर जमवले होते, त्यांच्याकडे तोपर्यंत बरेच साठले होते.